न घातलेल्या अंड्याचे पैसे

सांवेर रोडवरच्या एका पंपांच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी खरेदी खात्यात गेली. खरेदी खात्याचा नियम एकच: तीन ठिकाणांहून भाव मागवायचे, तिन्ही एका मापात आणायचे आणि सर्वांत कमी असेल त्याला ऑर्डर द्यायची. कमीवाल्याला द्यायची नसेल तर का नाही, ते लेखी लिहायचं. निवृत्त झालो तरी ही खोड गेली नाही. घरात डबे आणायचे असले तरी मी सियागंजच्या बाजारात तीन दुकानं पालथी घालतो. बायको एकदा म्हणाली, "लग्नाच्या वेळी पण तीन कोटेशन मागवले होते का?" मी म्हणालो, दोन, तिसरं वेळेत आलं नाही. ते खरं होतं, त्यामुळे तिला त्यात विनोद दिसला नाही.

आईचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं तेव्हा केकचं काम आपोआप माझ्याकडे आलं. म्हणजे आधी केकच नव्हता. सकाळी होम, मग दिव्यांनी ओवाळणं, तुला, जेवण, असा बेत होता. पुण्याहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, आजीचा एटीयथ आहे आणि केक नाही? लोग क्या कहेंगे?" मी म्हटलं, लोक काही म्हणणार नाहीत, लोक श्रीखंड खाणार आहेत. पण नातीपुढे आजी विरघळते आणि लेकीपुढे मी. आईनं एकच अट घातली. "केक आणा हवा तर, पण फुंकर मारून काही विझवायचं नाही. सकाळी एवढे दिवे लावायचे आणि मग त्याच दिवशी विझवायचं, ही कुठली पद्धत?" अट रास्त होती. मेणबत्ती हा खर्च मी तिथेच कापला.

खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती मी कुणाला बोललो नव्हतो. आमच्या घरात माझे, भावंडांचे, मुलांचे कितीतरी वाढदिवस झाले. केक आला की आई दारात उभी राहायची, टाळ्या वाजवायची आणि मग तिच्यासाठी वेगळ्या ताटलीत एक पेढा यायचा. केकात अंडं असतं, आणि आई अंडं खात नाही, हे आमच्या घरात सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं होतं. पुढे एगलेस केक निघाले. तरी ती म्हणायची, "भांडी तीच ना त्यांची? भट्टी तीच ना?" आणि पेढा घ्यायची. प्रत्येक वाढदिवसाच्या फोटोत आई कडेला आहे आणि तिच्या हातात पेढा आहे. मला ते फोटो बघवत नाहीत. या वेळी केक तिचा होता. तिनं तो सगळ्यांच्या मध्ये बसून खाल्ला पाहिजे, एवढंच मला हवं होतं. बाकी केक कसा का असेना.

म्हणून मी मागणीपत्रक तयार केलं. साठ माणसं. एका किलोत दहा-बारा तुकडे होतात, म्हणजे पाच किलो. दोन मजली. वर पूर्ण चंद्र, खाली चंद्राच्या कला. ही लेकीची कल्पना. एगलेस, याखाली दोन रेघा. मंगल कार्यालयात पोचवून आणि जागेवर उभा करून देणे. हेच मी तिघांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. लेक म्हणाली, "बाबा, हे टेंडर आहे." मी म्हटलं, हो.

पहिलं दुकान पलासियाकडचं. मोठं, काचांचं, एसीचं. काउंटरवरचा मॅनेजर अंगठ्यानं फोनवर केकचे फोटो सरकवत म्हणाला, "सर, आप डिझाइन बताओ, सब हो जाएगा." मी म्हटलं, भाव सांगा. साधा क्रीमचा नऊशे रुपये किलो. एगलेस पाहिजे तर किलोमागे शंभर जास्त. पण चंद्र वगैरे असेल तर तो डिझायनर केक, त्याला वरून साखरेच्या पिठाचा, म्हणजे फाँडंटचा, थर चढवावा लागतो, आणि त्याचा भाव पंधराशे किलो. एगलेसचे शंभर त्यावर. मोठा चंद्र सातशे वेगळा. दोन मजल्यांचा केक साध्या डिलिव्हरीनं जात नाही, माणूस सोबत येतो, त्याचे सहाशे.

"वजन कशाचं धरता?" मी विचारलं. "आतल्या केकचं की फाँडंट चढवल्यावर?"

"फुल रेडी वेट सर. जो आप के सामने आएगा, उसका वेट."

म्हणजे पाच किलोतला किलोभर माल ही ती साखरेची चादर, जी माणसं बोटानं सोलून ताटलीच्या काठाला ठेवतात. मी तिचाही भाव पंधराशे रुपये किलोनं देणार आणि ती भांडी घासणारीच्या हातून टोपलीत जाणार. मी ते त्याला सांगितलं. त्याला वाईट वाटलं नाही. त्यानं उपाय काढला. "तो सर, ऊपर का टियर असली रखो, नीचे का डमी करवा दो. बहुत लोग करवाते हैं. थर्माकोल पे सेम फिनिशिंग आती है, फोटो में पता भी नहीं चलता. पैसे बच जाएंगे." मी आईचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. ऐंशी वर्षं पूर्ण झाल्यावर हिच्या पुढ्यात मी थर्माकोल कापायला ठेवणार. कारखान्यात मी आतून पोकळ निघालेला माल ट्रकसकट परत पाठवलेला आहे. त्याला नमस्कार करून निघालो.

दुसरी आमच्याच कॉलनीमागची एक मुलगी. म्हणजे तिशीची असेल, नोकरी सोडून घरातून केक करते. तिला मी आधी फोन केला नाही, प्रत्यक्ष गेलो. नव्या पुरवठादाराकडे ऑर्डरआधी कारखाना पाहून यायचा, हाही नियमच. तिनं दार उघडलं, मी माझी ओळख सांगितली आणि ओव्हन पाहायचाय म्हटलं. ती जरा गोंधळली, पण तिनं दाखवला. साधं स्वयंपाकघर, ओट्यावर वजनकाटा, खिडकीला एसी. शेल्फावर दही, कंडेन्स्ड मिल्क, बेकिंग सोडा. "अंकल, मेरे यहाँ अंडा आता ही नहीं," ती म्हणाली. "सासूजी बाजू के कमरे में रहती हैं. आएगा तो मैं बाहर." मी भांडी, साचे, फ्रीज, सगळं बघितलं. फाँडंटच्या डब्याची चिठ्ठीही वाचली, कारण त्यात कधी कधी जिलेटिन असतं आणि ते झाडाला लागत नाही, जनावरांच्या हाडांतून निघतं. तिच्या डब्यावर हिरवा ठिपका होता. मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत आईच्या "भट्टी तीच ना?" या प्रश्नाला पहिल्यांदाच माझ्याकडे उत्तर होतं.

मग भाव. क्रीमचा, एगलेस, तेराशे रुपये किलो. मी म्हटलं, एगलेसचे यातले किती? ती म्हणाली, वेगळे नाहीत, कारण दुसरा प्रकारच नाही. खालच्या मजल्यात वरच्याचा भार पेलायला नळ्या रोवाव्या लागतात, मध्ये पुठ्ठा लागतो, त्याचे तीनशे. मोठा चंद्र पाचशे. छोट्या कला वीस रुपयाला एक. डिलिव्हरीला टॅक्सीचे आणि तिच्या वेळेचे मिळून चारशे.

"तेराशे जास्त आहेत," मी म्हटलं. हे मी सवयीनं म्हणतो.

"तो तीन किलो का दो-टियर लो, अंकल. वो सामने रखो, काटो. बाकी दो किलो मैं सादा चौकोर बना देती हूँ, सेम फ्लेवर, आठ सौ के भाव से. वो अंदर से कटके प्लेट में आ जाएगा. मेहमान को तो पीस दिखता है, टियर नहीं."

यात तिचा तोटा आणि माझा फायदा दिसत होता, म्हणून मी दोनदा हिशोब केला. तिचाही फायदा होता. सजावटीचा वेळ वाचत होता. मी फक्त कलांवर अडलो. लेकीला अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत आणि परत असं सगळं हवं होतं. मी म्हटलं, "अमावास्येचे वीस रुपये कशाचे? तिथे काही दिसतच नाही." तिनं कागदावरची एक कला खोडली. मग म्हणाली, "अच्छा, अमावस मेरी तरफ से." इतक्या वर्षांच्या नोकरीत इतक्या सभ्यपणे सूट मला कुणी दिली नव्हती.

तिसरी महूची बेकरी. ही मी यादीत का घातली, त्याला दोन कारणं होती. एक, तिसरं कोटेशन लागतंच. दुसरं, बाबा. बाबा रेल्वेत होते, बरीच वर्षं महूला रोज जाऊन येऊन करायचे, आणि कॅन्टोन्मेंटातली ती जुनी बेकरी त्यांच्या तोंडी असायची. फोनवर एक म्हातारा आवाज आला. सातशे रुपये किलो. एगलेस? "बना देंगे, अस्सी रुपया किलो ज़्यादा. पर भाईसाब, साफ बोलूँ, हमारा हाथ अंडे पे बैठा है. एगलेस थोड़ा भारी बनेगा." मजल्यांसाठी लोखंडी स्टँड अडीचशे भाड्यानं, नंतर परत आणून द्यायचा. डिझाइन? गुलाब आणि नाव, भावातच. चंद्र? "चाँद नहीं होगा." पोचवणार? "आप आके ले जाओ."

घरी येऊन मी तक्ता मांडला. आडवे रकाने: वजनाचा भाव, एगलेसचे जास्त, मजल्यांचे, डिझाइनचे, पोचवण्याचे, एकूण. मोठ्या दुकानाचे नऊ हजार तीनशे, त्यात थोडे सोललेल्या साखरेचे. मुलीचे, तीन किलो मजली आणि दोन किलो साधा धरून, एक अमावास्या वजा जाता सात हजारांच्या जरा वर. महूचे चार हजार एकशे पन्नास, आणि जाण्यायेण्याचं पेट्रोल. महू सर्वांत कमी. पण भांडी अंड्याची, हात अंड्यावर बसलेला. नियमाप्रमाणे शेवटच्या रकान्यात मी कारण लिहिलं: अंडे. चंद्र नाही.

ऑर्डर द्यायच्या आधी मंजुरी आईची घ्यायची ठरवली. तिचा केक, तिची सही. दुपारच्या चहाला ती मागच्या पडवीत बसते. मी तक्ता घेऊन समोर बसलो आणि रकान्यांवार वाचून दाखवला. ती शेंगा सोलत ऐकत होती. मला वाटत होतं, ती त्या मुलीच्या ओव्हनपाशी थांबेल, सासूबद्दल विचारेल. ती दुसऱ्या रकान्यापाशी थांबली.

"एगलेसचे शंभर जास्त. म्हणजे अंडं घालायचं नाही, त्याचे पैसे?"

"हो."

"अंड्याचे पैसे त्यांचे वाचतात ना?"

मी समजावलं. अंडं केक धरून ठेवतं, फुगवतं. ते काढलं की त्याच्या जागी दही, कंडेन्स्ड मिल्क, आणखी काय काय घालावं लागतं, आणि तरी बिघडण्याचा धोका. म्हणून जास्त.

तिनं विचार केला. "उपासाचंही असंच असतं," ती म्हणाली. "रोजच्या जेवणापेक्षा फराळाला खर्च जास्त. न खाण्याचे पैसे नेहमी जास्तच लागतात." मग शेंग फोडली. "महूवाल्याला का काढलं?"

"भांडी अंड्याची आहेत त्याची."

"ती तर असणारच. तुझे बाबा तिथलाच खायचे."

हे मला माहीत होतं, पण हे आईला माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं. लहानपणी मी पाहिलेलं होतं. बाबा महूहून आले की कधी कधी पुढच्या दारानं न येता बोळातून मागे यायचे. कागदाची पुडी असायची. तुळशीपासून लांब, नळापाशी, उभ्या उभ्या पाठमोरे काहीतरी खायचे, कागद चुरगाळून बोळाच्या टोकाला टाकून यायचे, खळखळून चूळ भरायचे, हात धुवायचे आणि मग पुढच्या दारानं घरात. मला एकदा तुकडा दिला होता आणि बोटानं शूः केलं होतं. मी ते गुपित जिवापाड सांभाळलं होतं. बाबांच्या तेराव्यालाही बोललो नाही.

"तुला कसं कळलं?"

"मिशीला कण असायचे," आई म्हणाली. "आणि ऑफिसातून आलेला माणूस घरात यायच्या आधी चूळ भरतो का कधी?"

"मग तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? बिचारे माझं सोवळं सांभाळत होते. उगाच कशाला ओशाळवायचं." आईनं आणखी दोन शेंगा फोडल्या. "पण एकदाही म्हणाले नाहीत, घेतेस का म्हणून. मी नाही म्हटलं असतं, ते सोड. म्हणायचं तर होतं. आणि तुम्ही सगळे तसलेच. एवढे वाढदिवस झाले, पेढा आणून हातात ठेवतात. मला कुणी विचारलं?"

मी म्हटलं, "आई, तूच म्हणायचीस ना, भट्टी तीच, भांडी तीच."

"अरे, काहीतरी म्हणावं लागतं माणसाला. हातात पेढा आलेला असतो, पंचवीस माणसं बघत असतात. त्यात काय म्हणू, मला पण द्या?"

मी हातातल्या तक्त्याकडे बघितलं. तिघांना भाव विचारले होते. वजन, मजले, चंद्र, नळ्या, पुठ्ठा, टॅक्सी, सगळं विचारलं होतं. एगलेसखाली दोन रेघा मारल्या होत्या. ज्या बाईसाठी हे चाललं होतं तिला तेवढं विचारलं नव्हतं. मला स्वतःचा राग आला.

"मग तुला अंड्याचा पाहिजे?"

आईनं इकडेतिकडे पाहिलं. पडवीत आम्ही दोघंच होतो. "कार्यक्रमाला नको. पाहुणे आहेत, गुरुजी आहेत, होम आहे. त्या मुलीलाच दे ऑर्डर, चांगली वाटते. सासूला सांभाळते." मग आवाज खाली करून म्हणाली, "नंतर बघू. तो महूचा. ते खायचे तसाच. मजले नकोत आणि चंद्रही नको."

आत येऊन मी बायकोला सांगितलं. ती कणीक मळता मळता थांबली. "आँ? आता? ऐंशीव्या वर्षी?" मग पुन्हा मळायला लागली आणि जरा वेळानं म्हणाली, "हां तो, विचारलं कुणी होतं त्यांना." सगळं घर एकदम शहाणं झालं होतं.

ऑर्डर मुलीला दिली. लेकीच्या चंद्रांचे फोटो दोनदा आले-गेले. कार्यक्रमाच्या दिवशी ऊन असं होतं की क्रीमचा जीव धोक्यात होता. मुलीनं दोन्ही मजले वेगळ्या खोक्यांत आणले, तेही टॅक्सीच्या सीटवर नाही, खाली पायापाशी, कारण सीट उतरती असते आणि केक सरकतो. एसी पूर्ण चालू ठेवायला लावून ती स्वतः मफलर गुंडाळून बसून आली होती. कार्यालयातल्या मागच्या खोलीत तिनं खालच्या मजल्यात नळ्या रोवल्या, त्या क्रीमच्या बरोबरीनं कापल्या, पुठ्ठ्यासकट वरचा मजला ठेवला आणि टोकावर चंद्र. खाली कडेनं कला लावल्या. अमावास्या एक निळसर गोल होती. फुकटच्या मानानं चांगली होती.

सकाळचा होम, तुला, दिवे, सगळं यथासांग झालं. आई नऊवारीत होती आणि तिच्या तोंडावर दिव्यांचा उजेड होता. मग केक आला. लेकीनं तिच्या हातात सुरी दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायको सवयीनं पेढ्याची ताटली घेऊन आली, मी तिच्याकडे पाहिलं, तिनं ती मागच्या मागे पाठवली. आईनं केक कापला, लेकीनं भरवलेला तुकडा सगळ्यांच्या मध्ये बसून खाल्ला. फोटोग्राफरनं तो घास पुन्हा घ्यायला लावला, कारण पहिल्यात कुणाचा तरी हात आला होता. मला हवा होता तो फोटो मला मिळाला. मुलगी भिंतीपाशी उभी होती. तिनं विचारलं, "आजी, कैसा लगा?"

"बहुत हल्का है बेटा," आई म्हणाली. "अच्छा है." आणि तिनं चंद्राचा तुकडा नातीच्या तोंडात घातला, कारण तो फाँडंटचा होता आणि कडक होता.

पाहुणे गेले. लेक पुण्याला परतली. मग एका सकाळी मी कुणाला न सांगता महूला गेलो. बेकरी आहे तिथेच होती, फलक नवा होता. फोनवरचा म्हातारा गल्ल्यावर होता. त्यानं मला ओळखायचं कारण नव्हतं. मी म्हटलं, अर्धा किलो सादा केक, वरून काही नको.

"अंडेवाला कि एगलेस? एगलेस का थोड़ा ज़्यादा लगेगा."

"अंडेवाला," मी म्हटलं. माझ्या तोंडून तो शब्द इतका मोठा निघाला की शेजारचं गिऱ्हाईक वळलं. भाव मी विचारला नाही. त्यानं सांगितले तेवढे दिले. पुढे आणखी एक बेकरी दिसत होती, तिथे गेलो नाही. माझ्या आयुष्यात एकाच कोटेशनवर केलेली ही एवढी एकच खरेदी.

पुठ्ठ्याचा डबा घेऊन मी बोळातूनच मागे आलो. का, ते मला सांगता येणार नाही. पुढचं दार उघडं होतं.

आई पडवीत होती. तिनं डबा उघडून वास घेतला. मी ताटली आणायला निघालो, तर म्हणाली, "नको, भांड्यांना नको." तिनं हातानंच तुकडा मोडला, पडवीतून खाली उतरली, तुळशीला लांबून वळसा घातला आणि नळापाशी जाऊन उभी राहिली. माझ्याकडे पाठ करून. ऐंशी वर्षांची बाई, एका हातानं भिंतीला धरून, उभ्या उभ्या खात होती.

ती सावकाश चावत होती. एक तुकडा संपला, मग बोटांना चिकटलेले कण. तिनं नळ सोडला, चूळ भरली, हात धुतले, पदरानं तोंड टिपलं आणि पडवीच्या पायरीवर येऊन बसली. बराच वेळ ती नळाकडेच बघत होती.

"कसा आहे?" मी विचारलं.

"कोरडा आहे रे," आई म्हणाली. "घशाखाली उतरत नाही नुसता. याच्याबरोबर चहा पाहिजे." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "इतकी वर्षं नळाचं पाणी पिऊन खाल्ला त्यांनी. मला म्हणाले असते, तर मी चहा केला असता."

मी आत गेलो आणि आधण ठेवलं.